दहा वर्षांनंतरचा पहिला संदेश: एका विनंतीचे प्रकरण

एका औषधनिर्मिती कंपनीच्या गुणवत्ता तपासणीच्या, म्हणजे ‘क्यूसी’च्या, प्रयोगशाळेत सात वर्षे काम केल्यानंतर एका बाईंनी घरातल्या आजारपणामुळे नोकरी सोडली होती. तीन वर्षांच्या खंडानंतर त्यांना पुन्हा काम सुरू करायचे होते, मात्र प्रयोगशाळेतल्या पाळ्यांकडे परत जायचे नव्हते. औषधाला परवाना मिळवण्यासाठी जी कागदपत्रे सादर करावी लागतात ती तयार करणाऱ्या विभागात, म्हणजे उद्योगातली माणसे ज्याला नुसते ‘रेग्युलेटरी’ म्हणतात त्या कामात, आपल्याला शिरकाव मिळेल का, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यासाठी वर्षभराचा एक प्रमाणपत्र अभ्यासक्रम त्यांनी पाहून ठेवला होता. त्याचे शुल्क त्यांना जड वाटत होते आणि प्रवेशाची मुदत सहा आठवड्यांवर आली होती.

पदव्युत्तर शिक्षणाच्या वेळी ज्यांच्यासोबत त्यांनी दोन वर्षे एकाच टेबलावर प्रात्यक्षिके केली होती, ते त्यांचे वर्गमित्र बरीच वर्षे याच कामात होते. दोघांचे भांडण झालेले नव्हते. दुरावा आला तो इतर अनेकांच्या बाबतीत येतो तसाच, कुणी काही न ठरवता. फक्त एक गोष्ट बाकी राहिली होती. शिक्षण संपल्यावर काही महिन्यांनी वर्गमित्रांनी नोकरी लागल्याचे कळवले होते, सवडीने भेटू असेही लिहिले होते, आणि त्या संदेशाला बाईंकडून उत्तर गेलेच नव्हते. तो संदेश बाईंच्या फोनमध्ये अजून होता. नवा संदेश त्याच्याच खाली उमटणार होता, आणि वर्गमित्रांच्या फोनमध्येही तसेच दिसण्याची शक्यता होती.

मी व्यावसायिक पत्रव्यवहार शिकवतो, आणि असे अडलेले मसुदे अधूनमधून माझ्याकडे येतात. हा मसुदा इथे संबंधितांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून मांडत आहे. दहा वर्षांनी लिहायचे, तेही काही मागण्यासाठी, या प्रसंगात माणसे कुठे अडखळतात ते त्यात फार स्पष्ट दिसते.

पहिला मसुदा

बाईंनी प्रथम लिहिलेला मजकूर असा होता: ‘हाय! ओळखलंस का? किती वर्षं झाली ना! कसा आहेस? घरचे कसे आहेत? खूप दिवसांपासून तुझी आठवण येत होती. तुझ्याकडे एक छोटंसं काम होतं. वेळ मिळेल तेव्हा सांग, बोलू.’

वरवर पाहता हा मजकूर आपुलकीचा आणि सौम्य आहे. लिहिणाऱ्याला तो संकोचाचा आणि म्हणून नम्र वाटतो. तो वाचणाऱ्याच्या जागी बसून पाहिला की चित्र उलटते. ‘ओळखलंस का?’ हा प्रश्न समोरच्याची परीक्षा घेतो, आणि क्रमांक जतन केलेला नसेल तर त्या परीक्षेत तो नापास होणार हे ठरलेलेच असते. त्याहून वाईट म्हणजे, अनोळखी क्रमांकावरून ‘ओळखलंस का?’ असे विचारणे ही आता फसवणूक करणाऱ्यांची नेहमीची सुरुवात झाली आहे, त्यामुळे सावध माणूस अशा संदेशाला उत्तर न देता तो पुसून टाकतो.

पण खरा दोष ‘एक छोटंसं काम होतं’ या वाक्यात आहे. काम कोणते हे सांगितलेले नसले की वाचणारा ते स्वतः भरून काढतो आणि भरताना त्याचा अंदाज मोठ्या, अडचणीच्या बाजूला झुकतो: पैसे हवे असतील, विमा विकायचा असेल, कुणाला तरी नोकरीला लावायचे असेल. ‘छोटंसं’ या शब्दाचा इथे उलटाच परिणाम होतो, कारण मोठी मागणी करणारेही सुरुवात त्याच शब्दाने करतात. आणि ‘वेळ मिळेल तेव्हा’ म्हटल्याने मोकळीक मिळते असे वाटले, तरी किती वेळ आणि कशासाठी हे माहीत नसलेल्या माणसाला होकार देणेही कठीण जाते आणि नकार देणेही. मग तो संदेश ‘नंतर पाहू’ म्हणून पडून राहतो.

बाईंचा यावरचा आक्षेप मला नेहमी ऐकू येतो आणि तो निराधार नाही. त्यांचे म्हणणे असे की, दहा वर्षांनी पहिल्याच संदेशात काम सांगणे हे स्वार्थी दिसते, म्हणून आधी दोन-चार दिवस साध्या गप्पा व्हाव्यात आणि मग विषय काढावा. हा दोन टप्प्यांचा बेत मला मान्य नाही. समोरचा माणूस पहिल्या टप्प्यातल्या गप्पांना खरेपणाने उत्तरे देतो, घरच्यांची खुशाली सांगतो, जुन्या आठवणीत रमतो, आणि मग तिसऱ्या दिवशी काम पुढे येते. त्या क्षणी आधीच्या दोन दिवसांचा अर्थ त्याच्या लेखी बदलतो: आपुलकी नव्हती, पूर्वतयारी होती. काम पहिल्याच संदेशात उघडपणे सांगितले तर आपुलकीवर संशय घेण्याचे कारणच उरत नाही, कारण काहीही लपवलेले नसते. केवळ संबंध जोडण्यासाठी लिहायचे असेल तर तसे जरूर लिहावे, पण मग मनात काम असता कामा नये.

दुसरा मसुदा

पहिल्या चर्चेनंतर बाईंनी जो मसुदा पाठवला तो दुसऱ्या टोकाला गेला होता, आणि माझ्या अनुभवात असे बहुतेकदा होते. तो जवळजवळ चारशे शब्दांचा होता. सुरुवातीला त्या जुन्या संदेशाला उत्तर न दिल्याबद्दल सात-आठ वाक्यांची क्षमायाचना होती. पुढे घरातल्या आजारपणाचा वृत्तांत होता. त्यानंतर वर्गमित्रांच्या प्रगतीचे कौतुक होते: त्यांनी कोणत्या वर्षी कंपनी बदलली, बढती केव्हा मिळाली, कोणत्या परिषदेत ते बोलले. आणि अगदी शेवटी हे वाक्य होते: ‘तुझ्या कंपनीत माझ्यासारखीला काही असेल तर बघशील का, अर्थात तू किती बिझी असशील याची मला कल्पना आहे, नाही जमलं तरी अजिबात हरकत नाही, मी उगाच त्रास देतेय.’

क्षमायाचनेपासून सुरुवात करू. न दिलेल्या उत्तराचा उल्लेख करणे आवश्यक होते, कारण तो जुना संदेश वर दिसत असताना त्याविषयी गप्प बसणे खटकले असते. पण क्षमा लांबली की तिचे ओझे वाचणाऱ्यावर येते. त्याला आधी ‘अगं, त्यात काय एवढं’ असे समजावणे भाग पडते आणि मगच मूळ विषयाकडे वळता येते. त्याने मनातही न ठेवलेल्या गोष्टीसाठी त्याला सांत्वन करायला लावणे ही विनंतीआधीचीच एक विनंती होते. एक वाक्य, फार तर दोन, यापलीकडे जाण्याचे कारण नव्हते.

कौतुकाच्या परिच्छेदात एकही गोष्ट खोटी नव्हती, सगळी माहिती वर्गमित्रांनी स्वतःच सार्वजनिक केलेली होती. तरीही ती एकत्र वाचताना आपल्यावर कुणीतरी पाळत ठेवली आहे असे वाटते. इंटरनेटवर शोध घेतला हे लपवण्यासारखे नाही, परंतु विनंतीशी थेट संबंध असलेली एकच गोष्ट घ्यावी आणि ती कुठे पाहिली हे सांगावे, म्हणजे पुरते.

शेवटच्या वाक्याने मात्र मला थांबायला लावले, कारण त्यात मागणीच बदलली होती. बाईंना आधी जाणून घ्यायचे होते ते या कामाविषयी आणि अभ्यासक्रमाविषयी. लिहिता लिहिता त्याची ‘काही असेल तर बघ’ ही नोकरीची मागणी झाली. मी त्यांना विचारले की, समजा वर्गमित्रांनी उद्या होकार दिला, तर त्या होकारानंतर ते नेमके काय करतील? बाईंना याचे उत्तर देता आले नाही. हीच कसोटी मी अशा प्रत्येक विनंतीला लावतो: होकार दिल्यानंतर समोरच्याची पहिली कृती कोणती, ती किती वेळात संपते, आणि ती पूर्ण झाली हे त्याला कसे कळते. ‘बघशील का’ या विनंतीत हे तिन्ही नाही. तिला होकार देणारा माणूस अनिश्चित काळासाठी बांधला जातो आणि म्हणून सुजाण माणूस तिला धड होकारही देत नाही आणि नकारही देत नाही.

त्यातच ‘मी उगाच त्रास देतेय’ यासारखी वाक्ये भर घालतात. त्यांनी मागणी लहान होत नाही, फक्त लिहिणाऱ्याची अस्वस्थता वाचणाऱ्यापर्यंत पोहोचते. मागणी खरोखर लहान करणे हा एकच उपाय उरतो.

मागणी ठरवणे

संदेश बाजूला ठेवून आम्ही आधी मागणीच ठरवली, आणि या प्रकरणातले बहुतेक काम इथेच झाले. बाईंना तीन गोष्टी हव्या होत्या. प्रयोगशाळेतल्या अनुभवावर या कामात सुरुवात करता येते का, आणि अभ्यासक्रमाचा नोकरी मिळताना काही उपयोग होतो का, या दोन गोष्टींची उत्तरे त्या क्षेत्रात माणसे निवडणाऱ्याला किंवा निवड होताना जवळून पाहणाऱ्यालाच देता येतात. अशी माहिती अभ्यासक्रमाच्या पत्रकात सापडत नाही. तिसरी गोष्ट नोकरीसाठी शिफारस ही होती. ती दहा वर्षे संपर्क नसलेल्या माणसाकडे मागणे अयोग्य होते, आणि तेही केवळ संकोचामुळे नव्हे. शिफारस करणारा आपली पत वापरतो, आणि बाईंचे गेल्या दहा वर्षांतले काम वर्गमित्रांनी पाहिलेच नव्हते. ते प्रामाणिकपणे काय सांगू शकले असते? म्हणून ती मागणी केवळ गाळायची नव्हती, तर ती केलेली नाही हे संदेशात स्पष्ट म्हणायचे होते, अन्यथा वाचणाऱ्याने तिचा अंदाज बांधलाच असता.

राहिली वेळेची मर्यादा. वीस मिनिटे ही मर्यादा दोन प्रश्नांना पुरेशी होती आणि कुणाच्याही आठवड्यात बसण्याजोगी होती. ‘पाच मिनिटे’ असे लिहिण्याची बाईंची इच्छा होती, पण पाच मिनिटांत हे बोलणे होणार नाही हे वर्गमित्रांना लगेच कळले असते, आणि जी मर्यादा पाळली जाणार नाही हे दोघांनाही माहीत आहे ती मर्यादा नसते. अभ्यासक्रमाच्या मुदतीचे काय? ती सांगितल्याने दडपण येते आणि न सांगितल्याने उत्तर उशिरा आले तर निरुपयोगी ठरते. मुदत सहा आठवड्यांवर होती म्हणून आम्ही ‘पुढच्या तीन आठवड्यांत’ असे लिहिले. त्यातून घाई दिसत नाही, तरी विषय कायमचा उघडा राहत नाही.

अशा विनंतीने काही साधेल का, याविषयी बाईंना शंका होती, आणि इथे दोन अभ्यासांचा उल्लेख उपयोगी आहे. फ्लिन आणि लेक यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांमध्ये असे आढळले होते की, थेट मदत मागितल्यावर किती जण होकार देतील याचा अंदाज मागणारे प्रत्यक्षापेक्षा बराच कमी बांधतात. मागणाऱ्याच्या नजरेसमोर समोरच्याला होणारा त्रास असतो, पण तोंडावर नकार देणे समोरच्याला किती अवघड जाते हे त्याच्या लक्षात येत नाही. दुसरा अभ्यास लेव्हिन, वॉल्टर आणि मर्निघन यांचा, 2011 मधला आहे. त्यांनी व्यावसायिक अधिकाऱ्यांना वर्षानुवर्षे संपर्क नसलेल्या परिचितांकडून चालू कामाबाबत सल्ला घ्यायला लावला, आणि तो सल्ला सध्याच्या वर्तुळातल्या लोकांच्या सल्ल्याच्या तुलनेत अनेकदा अधिक नवा आणि उपयुक्त ठरला. कारण सहज पटण्यासारखे आहे: मधल्या काळात तो परिचित वेगळ्याच जगात वावरलेला असतो, पण जुना विश्वास पूर्ण नाहीसा झालेला नसतो. मात्र पहिल्या अभ्यासातून एक सावधगिरीही घ्यावी लागते. माणसे अनेकदा नकार देण्याच्या अवघडलेपणामुळे होकार देतात, हे माहीत झाल्यावर त्याचा फायदा घेणे सभ्यपणाचे नाही. म्हणून नकाराची वाट संदेशातच मोकळी ठेवायची होती.

पाठवलेला संदेश

पाठवण्यापूर्वी बाईंनी एका सामाईक मैत्रिणीकडून जुना क्रमांक अजून वर्गमित्रांचाच आहे याची खात्री करून घेतली. बंद पडलेले क्रमांक कालांतराने दुसऱ्यांना दिले जातात, त्यामुळे ही पायरी गाळू नये. शेवटचा मजकूर पुढीलप्रमाणे होता. नावांच्या जागी रेघा ठेवल्या आहेत.

‘नमस्कार ———, मी ———. एमएस्सीला दोन वर्षं आपण एकाच टेबलावर प्रॅक्टिकल करायचो. तेव्हाचं माझं आडनाव ———. फुटलेल्या ब्युरेटची भरपाई तुझ्याबरोबर अर्धी-अर्धी भरणारी ती मीच. हा नंबर अजून तुझाच असल्याचं ———कडून कळलं.

नोकरी लागल्याचं तू कळवलं होतंस आणि माझ्याकडून उत्तर गेलंच नाही, याची रुखरुख आहे. फार उशिरा का होईना, अभिनंदन.

आज लिहिण्याचं कारण सांगते. सात वर्षं क्यूसी लॅबमध्ये काम केल्यावर गेली तीन वर्षं मी घरी होते. आता पुन्हा सुरुवात करायची आहे आणि रेग्युलेटरीचा विचार करते आहे. तू त्याच कामात आहेस हे लिंक्डइनवर पाहिलं. पुढच्या तीन आठवड्यांत कधी तरी मला फोनवर वीस मिनिटं देऊ शकशील का? दोनच गोष्टी विचारायच्या आहेत: क्यूसीच्या अनुभवावर या कामात शिरता येतं का, आणि त्यासाठी वर्षभराचा सर्टिफिकेट कोर्स करण्यात अर्थ आहे का. नोकरीसाठी शब्द टाक असं मी म्हणत नाही; निर्णय घेण्याआधी आतल्या माणसाचं मत हवं आहे.

शनिवार-रविवारी कधीही, किंवा इतर दिवशी रात्री आठनंतर मला चालेल. फोन जमणार नसेल तर कोर्सबद्दल दोन ओळी लिहिल्यास तरी माझं काम होईल. सध्या तेही शक्य नसेल तर तसं मोकळेपणानं सांग.’

पहिल्या ओळीवर सर्वाधिक भार असतो, कारण संदेश उघडण्यापूर्वी फोनच्या पडद्यावर तेवढीच दिसते. तिच्यात समोरच्याचे नाव, स्वतःचे नाव आणि ओळखीचे ठिकाण बसले पाहिजे, आणि आडनाव बदलले असेल तर तेव्हाचे आडनाव लगेच पाठोपाठ यायला हवे. ब्युरेटचा उल्लेख हा रमण्यासाठी नसून ओळख पटवण्यासाठी आहे: तो तपशील त्या दोघांनाच माहीत आहे आणि कोणत्याही फसव्या माणसाला तो सुचणार नाही. बाईंनी प्रथम निवडलेली आठवण याहून मजेदार होती. टायट्रेशन चुकले की दोघे मिळून वहीत जुळवलेला आकडा लिहीत असत, ती. मी ती काढायला सांगितली. विद्यार्थिदशेतली ती गंमत असली तरी आता दोघेही अशा व्यवसायात होते जिथे जुळवलेल्या आकड्यांमुळे माणसांच्या नोकऱ्या जातात, आणि लेखी संदेश कुणाच्या डोळ्यांसमोर येईल हे सांगता येत नाही. जुनी आठवण निवडताना ती समोरच्याच्या आजच्या जागेवर कशी वाचली जाईल हे पाहावे लागते.

संबोधनाविषयी बाई थोड्या साशंक होत्या. दहा वर्षांनी, आणि आता मोठ्या पदावर असलेल्या माणसाला, ‘तू’ म्हणावे का? वर्गात ‘तू’ असेल तर ‘तू’च ठेवावे. अचानक आलेले ‘तुम्ही’ आदराऐवजी अंतर दाखवते, आणि मागणी त्याच अंतरावरून आल्यासारखी वाटते. समोरच्याच्या उत्तरात ‘तुम्ही’ आले तर मात्र पुढे तेच पाळावे.

विनंती संदेशाच्या मध्यावर आली आहे आणि ती प्रश्नाच्या रूपात आहे, ही गोष्ट जाणूनबुजून केलेली आहे. ‘बोलता आलं तर बरं होईल’ या विधानाला उत्तर लागत नाही, ‘देऊ शकशील का?’ या प्रश्नाला लागते. तिच्यापूर्वी पार्श्वभूमीची जेमतेम चार वाक्ये आहेत, आणि ती चारही प्रश्न समजण्यासाठी लागणारी आहेत. आजारपणाचा तपशील तिथे नाही, कारण दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यावर अवलंबून नव्हती आणि त्यामुळे वर्गमित्रांना आधी सहानुभूती व्यक्त करणे भाग पडले असते. ‘गेली तीन वर्षं मी घरी होते’ एवढे पुरते, पुढचे विचारायचे की नाही ते त्यांच्यावर सोडलेले आहे. संदेशाचा सौम्यपणा विनंती पुसट करण्यातून आलेला नाही, तो तिच्या भोवतीच्या मर्यादांतून आला आहे: किती वेळ, कोणते प्रश्न, काय मागितलेले नाही.

शेवटच्या परिच्छेदात होकाराच्या खाली एक लहान पायरी ठेवली आहे. वीस मिनिटे बोलण्याची इच्छा नसलेला माणूस दोन ओळी लिहू शकतो, आणि तसे केल्याने त्याला नकार दिल्याची टोचणी लागत नाही. बाईंच्या मसुद्यात इथे ‘उत्तर नाही दिलंस तरी चालेल’ असे होते, ते मी बदलले. त्याने वाचणाऱ्याची सुटका होते, पण लिहिणारा अधांतरी राहतो: उत्तर आले नाही याचा अर्थ नकार, की संदेश पोहोचला नाही, की सवड झाली नाही? ‘तसं मोकळेपणानं सांग’ यात नकाराला परवानगी आहे आणि उत्तराची अपेक्षाही आहे. दुसरे कुणी मागणी फारच लहान असेल तर पहिले वाक्य पसंत करील, त्याला माझी हरकत नाही.

पुढे काय झाले

संदेश वाचला गेल्याची खूण त्याच दिवशी दिसली आणि उत्तर मात्र आले नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी मला विचारले की, एखादे हसरे चिन्ह पाठवू का? मी नको म्हटले. दहा वर्षांनी आलेल्या संदेशाला माणूस चालता चालता उत्तर देत नाही, निवांतपणे लिहायचे म्हणून मागे ठेवतो, आणि वाचल्याची खूण म्हणजे दुर्लक्ष नव्हे. आम्ही ठरवले होते ते असे: दोन आठवडे वाट पाहायची, मग एकदाच लिहायचे, आणि त्या लिहिण्यातही नवी मागणी न करता जुनी मागे घेण्याची तयारी दाखवायची, उदाहरणार्थ, ‘मागचा मेसेज गडबडीत राहून गेला असेल म्हणून आठवण करते आहे. सध्या शक्य नसेल तर हा विषय इथेच सोडू, तरी तुझी खुशाली कळली तर आनंद होईल.’ त्यानंतरही उत्तर आले नाही तर तिसरा संदेश पाठवायचा नाही आणि सामाईक मैत्रिणीकरवी विचारणाही करायची नाही. तिसऱ्या संदेशाने विनंतीचा तगादा होतो, आणि मैत्रिणीला मध्ये घातल्याने गप्प राहण्याची त्यांची मुभाही जाते.

तशी वेळ आली नाही. पाचव्या दिवशी वर्गमित्रांचे उत्तर आले. त्यात ब्युरेटचा उल्लेख होता, जुन्या संदेशाविषयी त्यांना काही आठवतही नसल्याचे होते, आणि रविवारी सकाळी अकराची वेळ दिली होती. बाईंनी ठरल्या वेळी फोन केला. अठरा मिनिटे झाल्यावर वेळ संपत आल्याचे त्यांनी स्वतःच सांगितले, आणि वर्गमित्र म्हणाले की घाई नाही, अजून बोलू. ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे: मर्यादा वाढवण्याचा अधिकार वेळ देणाऱ्याकडे असतो, मागणाऱ्याने ती पाळायची असते.

दोन्ही प्रश्नांची उत्तरे स्पष्ट मिळाली. परवान्याच्या अर्जातला औषधाच्या गुणवत्तेविषयीचा भाग, ज्यात चाचणीच्या पद्धती आणि औषध किती काळ टिकते याची माहिती असते, तो समजण्यासाठी तपासणी प्रयोगशाळेचा अनुभव उपयोगी पडतो आणि सुरुवात तिथूनच करावी, असे त्यांचे मत होते. अभ्यासक्रमाबाबत ते अधिक साशंक होते. त्यांच्या विभागात उमेदवाराची निवड होताना प्रमाणपत्रापेक्षा परवान्याविषयीच्या मार्गदर्शक सूचना वाचून त्यांचा अर्थ नेमका लिहिता येतो का हे पाहिले जाते, असे त्यांनी सांगितले, आणि सार्वजनिक उपलब्ध असलेल्या काही सूचना आधी वाचून पाहायला सुचवले. हे एका विभागातल्या एका माणसाचे मत आहे, याची आठवण मी बाईंना करून दिली. त्यांनी आणखी एका परिचितांनाही तेच दोन प्रश्न विचारले, त्यानंतर अभ्यासक्रमाचा प्रवेश पुढच्या सत्रापर्यंत लांबणीवर टाकला.

त्याच संध्याकाळी आभाराचा संदेश गेला. तो तीन वाक्यांचा होता: कोणता सल्ला सर्वांत उपयोगी वाटला, त्यावर त्या पहिली कोणती गोष्ट करणार आहेत, आणि धन्यवाद. त्यात ‘आता अजून एक विचारू का’ असे काही नव्हते. बोलण्यात वर्गमित्रांनी बाईंचा बायोडेटा पाठवण्याविषयी काही म्हटले नव्हते, म्हणून तो जोडलेला नव्हता. दोन महिन्यांनी, सुचवलेल्या सूचना वाचून झाल्यावर, बाईंनी त्यातला कोणता भाग आपल्या जुन्या कामाशी जुळला हे चार ओळींत कळवले. त्याला दिलेल्या उत्तरात वर्गमित्रांनी स्वतःहून बायोडेटा मागितला.

ही रचना सर्वत्र चालेल असे मी म्हणणार नाही. दुरावा भांडणातून आलेला असेल तर विनंती आणि समेट एका संदेशात बसत नाहीत. तिथे आधी समेटाचे लिहावे आणि विनंती दुसऱ्या कुणाकडे करावी. पैशांची मागणी असेल तर वीस मिनिटांसारखी लहान पायरी बनवताच येत नाही, आणि दहा वर्षे न बोललेल्या माणसाकडे ती करण्याआधी सध्याच्या संबंधांतले मार्ग संपले आहेत का हे तपासावे. आणि वर्गमित्र ज्या जागेसाठी निवड करणार आहेत त्याच जागेसाठी अर्ज केलेला असेल, तर खासगी संदेश त्यांना अडचणीत टाकतो. अशा वेळी अर्ज रीतसर करावा आणि संदेशात ‘मी अर्ज केला आहे हे तुला माहीत असावं म्हणून कळवते, यात तू काही करावंस अशी अपेक्षा नाही’ एवढेच लिहावे.